बरक्या फणसाचा गरा आणि घटलेले सहा किलो : आर्फिडचे एक प्रकरण

आर्फिड म्हणजे जाड होण्याच्या भीतीशिवाय खाणे सुटण्याचा आजार. पुढे मांडलेले त्याचे प्रकरण कोणा एका मुलीचे नाही. बेळगाव, खानापूर आणि निपाणी या भागांतून येणाऱ्या मुलांच्या हकीकतींतील तपशील एकत्र करून ते जुळवले आहे, आणि मुलीला सई हे नाव केवळ सोयीसाठी दिले आहे. निदानाचा विचार आणि उपचारांचा क्रम मात्र अशा प्रकरणात जसा चालतो तसाच ठेवला आहे, त्यात माझ्याकडून होणाऱ्या चुकीसह.

सई ११ वर्षे ४ महिन्यांची, सहावीत शिकणारी, खानापूर तालुक्यातील एका वाडीवरची. घर एकत्र कुटुंबाचे. आजी, थोरले काका-काकू, त्यांची बारावीतली मुलगी, सईचे आईवडील आणि धाकटा भाऊ. वडील बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कामाला जातात आणि रात्री आठनंतर घरी पोचतात. ऑगस्टअखेर आई तिला घेऊन आली तेव्हा शाळेतल्या फेब्रुवारीच्या नोंदीप्रमाणे ३३ किलो असलेले तिचे वजन २७.२ किलो झाले होते. उंची १४१ सेंटिमीटर होती. म्हणजे बीएमआय १३.७, त्या वयाच्या मुलींच्या मध्यम बीएमआयच्या साधारण ७८ टक्के.

त्याआधी कुटुंबाने दोन ठिकाणी दाखवले होते. पहिल्या ठिकाणी भूक वाढवणारे सिरप मिळाले, त्याने ती वर्गात झोपू लागली, खाणे वाढले नाही. दुसऱ्या ठिकाणी मुलगी डब्यातली चपाती शाळेच्या मागे टाकून देते, घास चावून रुमालात थुंकते आणि एकेका घासाचे बारीक बारीक तुकडे करते हे ऐकून ॲनोरेक्सिया, म्हणजे सहसा जाड होण्याच्या भीतीने खाणे सोडण्याचा आजार, असल्याचे सांगण्यात आले, आणि मोबाइल काढून घ्या, चुलतबहिणीपासून लांब ठेवा, असा सल्ला मिळाला. चुलतबहीण त्या वर्षी 'डायटिंग' करत होती, त्यामुळे घरालाही ते पटले. काकू आणि आई यांच्यातले बोलणे त्यावरून जवळजवळ बंद झाले होते, आणि चुकीच्या निदानाची ही किंमत कोणत्याही तपासणीच्या कागदावर दिसत नाही.

वास्तविक सुरुवात मे महिन्यात झाली होती. आजोळी फणस फोडला होता, बरका. ज्यांनी तो खाल्ला आहे त्यांना ठाऊक आहे की काप्या फणसाचा गरा दाताखाली कुरकुरीत तुटतो, तर बरक्याचा गरा मऊ, तंतूंचा आणि बुळबुळीत असतो आणि चावण्याआधीच घशाकडे सरकतो. सईच्या घशात तो अडकला. तिला खोकता येत होते, चेहरा लाल झाला, मामाने पाठीवर थापट्या मारल्या आणि अर्ध्याएक मिनिटात गरा बाहेर पडला. मोठ्यांसाठी विषय तिथेच संपला. दुपारी त्याच फणसाचे गरे सगळ्यांनी खाल्लेही. सईने त्या रात्री फक्त ताक घेतले. आठवडाभरात फळे सुटली, मग मटण-चिकन, मग पोहे, मग भाकरी-चपाती. जुलैअखेर ती दूध, तांदळाची पेज, गाळलेले वरण, आइस्क्रीम आणि दुधात पूर्ण विरघळलेली बिस्किटे एवढ्यावर आली होती. एका जेवणाला दीड तास लागत होता.

आजारामुळे खाणे सुटले नाही ना, हे आधी पाहावे लागते. मुलाला घन अन्न अडकते म्हणाल्यावर ते भीतीचे आहे असे गृहीत धरणे धोक्याचे असते, कारण अन्ननलिकेचा ॲलर्जीमुळे होणारा दाह किंवा अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाची झडप न उघडण्याचा विकारही अशाच तक्रारीने समोर येतो. सईला पातळ पदार्थ कधीही अडकत नव्हते, रात्री झोपल्यावर अन्न वर येत नव्हते, दमा, त्वचेची ॲलर्जी किंवा छातीतली जळजळ नव्हती. मुख्य म्हणजे अडकल्याची तक्रार घास तोंडात जाण्याआधीच सुरू होत होती. बेरियम पाजून काढलेले क्ष-किरण चित्र सामान्य आले. दाह मात्र बेरियममध्ये निसटू शकतो, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी आणि मी मिळून असे ठरवले की भीती कमी होऊनही घन अन्न खरोखर अडकत राहिले तर एंडोस्कोपी करायची. क्षयरोग, थायरॉइड आणि सीलिअॅकच्या तपासण्या सामान्य होत्या. हिमोग्लोबिन १०.१, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन आणि बी-१२ कमी. पोटॅशियम, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम ठीक. आडवे असताना नाडी ५६, उभे राहिल्यावर ७४, रक्तदाब ९४/६०. दिवसा नाडी ५० च्या खाली गेली असती, रक्तदाब किंवा शरीराचे तापमान घसरले असते, क्षार बिघडले असते किंवा पातळ खाणेही बंद झाले असते, तर तिला दाखल करावे लागले असते. वजनाची रेषा आम्ही मध्यम बीएमआयच्या ७५ टक्क्यांवर धरली. तिच्या उंचीला ती सुमारे २६ किलो येते. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आईकडे दिला. 'वजन फार कमी झाले तर या' या वाक्याने घरी काहीच ठरत नाही, आकड्याने ठरते.

आता मुख्य प्रश्न : हा ॲनोरेक्सिया नर्व्होसा की अव्हॉयडंट रिस्ट्रिक्टिव्ह फूड इनटेक डिसऑर्डर, म्हणजे आर्फिड? आर्फिड हे निदान अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ या २०१३ च्या आवृत्तीत आले. त्यात मूल कमी किंवा मोजकेच खाते आणि त्यामुळे वजन घटते किंवा वाढत नाही, पोषकद्रव्यांची उणीव होते, नळीवर किंवा पूरक आहारावर अवलंबून राहावे लागते, किंवा त्याचे रोजचे सामाजिक जीवन अडते. यांपैकी एक गोष्ट पुरेशी असते. कारण मात्र आपल्या शरीराच्या आकाराविषयीची भीती हे नसते. कारणे साधारण तीन वाटांनी येतात. काही मुलांना चव, वास, पोत सहन होत नाही. काहींना भूकच लागत नाही आणि खाण्यात रस नसतो. काहींना अडकण्याची, उलटीची, पोट दुखण्याची भीती बसते. एकाच मुलात दोन वाटा एकत्र येणे नेहमीचे आहे. सई लहानपणापासून भेंडीची भाजी आणि पिकलेले केळे 'बुळबुळीत' म्हणून बाजूला सारायची, हे आईने तिसऱ्या भेटीत सहज सांगितले. पोताची नावड आधीच होती आणि त्या पायावर फणसाच्या गऱ्याची भीती बसली.

वरून पाहिले तर दोन्ही आजारांत मूल घास लपवते, तुकडे करते, जेवण लांबवते आणि खोटे बोलते. म्हणून या वागण्यावरून निदान करू नये, असे माझे ठाम मत आहे. निदान होते ते मूल काय टाळते आणि काय आनंदाने खाते याच्या यादीवरून. सईच्या आईकडून मी तीन दिवसांची यादी लिहून घेतली. त्यात म्हशीचे साय असलेले दूध होते, पेजेत ढवळलेले तूप होते, एका दुपारी तिने मागून घेतलेली दोन कप आइस्क्रीम होती. ॲनोरेक्सियातले मूल नेमके हेच आधी सोडते. त्याच्या यादीत काकडी, कोरडी भाकरी, सायीविना दूध उरते. सईच्या यादीची सीमा कॅलरीची नव्हती, पोताची होती. जे न चावता घशाखाली जाते ते चालत होते, मग त्यात कितीही तूप असो. तुकडे केलेली चपाती ती टाकत होती, पण त्याच डब्यातली खीर संपवत होती, ही गोष्ट आधी कुणी विचारलीच नव्हती.

दुसरी कसोटी बोलण्याची, आणि ती मुलाशी एकट्याने बोलूनच घ्यावी लागते. आईसमोर मूल आईला हवे ते उत्तर देते. मी सईला विचारले की पुढच्या महिन्यात तुझे वजन पाच किलोने वाढले तर कसे वाटेल. तिने क्षणभरही न थांबता सांगितले, "चालंल की. खो-खोत परत घेतील मला." धावताना चक्कर आल्यामुळे शाळेच्या संघातून तिला बसवले होते. मग मी विचारले, की आत्ता इथे भाकरीचा घास दिला तर? तिने एक हात गळ्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने खुर्चीची कड धरली. वजन करताना ती आकडा वाकून पाहत होती आणि तो वाढलेला नाही म्हणून हिरमुसत होती. आरशासमोर वेळ घालवणे, पोट-मांड्या चाचपणे, लपून व्यायाम करणे यांपैकी काही नव्हते. तिच्यावर कुणी हात टाकला का, कुणी त्रास देते का, हेही त्याच भेटीत विचारले; तोंडाशी, घशाशी संबंधित भीतीच्या प्रकरणात हा प्रश्न राहून जाता कामा नये.

तरीही एक सावधगिरी इथे लिहून ठेवतो. 'मला जाड व्हायचे नाही' असे मूल म्हणत नाही म्हणून ॲनोरेक्सिया नाही, असे म्हणता येत नाही. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनी १९९० च्या दशकात असे रुग्ण नोंदवले ज्यांना ॲनोरेक्सिया होता, पण जाडपणाची भीती ते व्यक्त करत नव्हते. पोट फुगते, भूक नाही, एवढेच सांगत होते. आपल्याकडेही मुली 'जात नाही' एवढेच म्हणतात, आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलाला मनातले शब्दांत मांडताही येत नाही. म्हणून शब्दांपेक्षा यादीवर आणि वजन वाढू लागल्यावर मूल कसे वागते यावर माझा अधिक विश्वास असतो. वजन वाढताच ज्या मुलाची घालमेल वाढते, त्याचे निदान पुन्हा तपासावे. श्रावणातले उपवास घरात होते, पण ते आजी आणि काकू करत होत्या, आणि घरात अन्नाची टंचाई नव्हती. भावाचे वजन त्याच्या वयाप्रमाणे होते. खाणे उपवासामुळे किंवा टंचाईमुळे कमी झाले असेल तर आर्फिडचे निदान करता येत नाही, म्हणून या दोन गोष्टींची नोंद आवश्यक असते.

कुटुंबाधारित उपचाराची पद्धत लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात किशोरवयीन ॲनोरेक्सियासाठी आकाराला आली. त्यात आजार का झाला याच्या मागे न लागता, मुलाला पुन्हा खाऊ घालण्याचे काम काही काळ पूर्णपणे आईवडिलांच्या हाती दिले जाते. वजन सावरले की खाण्याचा ताबा हळूहळू मुलाकडे परत जातो, आणि शेवटी वयानुरूप इतर प्रश्नांकडे वळता येते. आर्फिडसाठी हीच पद्धत बदलून वापरली जाते. ॲनोरेक्सियात तिच्यामागे मोठे पुरावे आहेत, आर्फिडमध्ये ते अजून लहान अभ्यासांपुरते आहेत, आणि हे मी आईवडिलांना पहिल्या भेटीतच सांगतो.

बदल कोणते, हे सईच्या निमित्ताने सांगतो. ॲनोरेक्सियात पहिल्या टप्प्यात काय आणि किती खायचे यावर मुलाचे मत घेतले जात नाही, कारण त्या वेळी ते मत आजाराचे असते. आर्फिडमध्ये वजनाच्या बाबतीत तोच नियम, पण नव्या पदार्थांचा क्रम ठरवताना मुलाला बरोबर घ्यावे लागते. खायचे की नाही हे आईवडील ठरवतात, आधी भात की आधी भाकरी हे मूल ठरवते. दुसरा फरक घाईचा आहे. ॲनोरेक्सियात मुलगी तीन महिन्यांत ओळखू न येण्याइतकी बदलते, म्हणून घर हादरते. आर्फिडमध्ये घराला वर्षानुवर्षे सवय झालेली असते. सईचे वडील पहिल्या भेटीत म्हणाले, "लहानपणापास्नं अशीच हाय ही, किरकिरी." त्यांच्यासमोर मी फेब्रुवारीचा आणि ऑगस्टचा आकडा शेजारी शेजारी मांडला आणि तिची उभी राहतानाची नाडी त्यांनाच मोजायला लावली. घड्याळ धरून ते मोजत राहिले, आणि त्यानंतर तो शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही.

'आईवडिलांनी ताबा घ्यावा' हे पुस्तकातले वाक्य या भागातल्या घरात जसेच्या तसे लागू पडत नाही. सईच्या घरी चूल काकूंच्या हाती होती, वाढणे आजीच्या हाती, आणि धाकटी सून म्हणून आईला वेगळे काही शिजवायचे तर विचारावे लागत होते. वडील दिवसभर घरात नव्हते. म्हणून दुसऱ्या भेटीला आईवडिलांबरोबर आजी आणि काकू यांनाही बोलावले, आणि निर्णय आईवडिलांचा, शिजवणे काकूंचे, देवाधर्माचे आणि धीर देण्याचे काम आजीचे, अशी वाटणी सगळ्यांसमोर झाली. आजीने दृष्ट काढली होती आणि देवीला नवस बोलला होता. त्याला मी हात लावला नाही. फक्त तोंडात जबरदस्तीने चमचा घालणे थांबवा, एवढे मागितले. "पोटात गेल्याबगर रक्त कसं हुईल?" असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे खरे होते. चमचा घशाशी नेला की सईचे तोंड सुकते, घशाचे स्नायू आवळतात आणि मग मऊ भातही खरोखरच अडकल्यासारखा वाटतो, हे समजावल्यावर त्यांनी स्वतः कोरड्या तोंडाने गिळून पाहिले आणि मान डोलावली. चुलतबहिणीचा यात काही दोष नाही, हेही काकूंच्या देखत स्पष्ट सांगितले.

या भेटीत कुटुंब जेवण घेऊन येते आणि समोर जेवते, हा पद्धतीचा भाग आहे. एका डब्यात तूप घातलेली पेज होती, दुसऱ्यात नाचणीची भाकरी आणि डाळीची आमटी. सईने पेजेचे चार चमचे घेतले आणि प्रत्येक चमच्यानंतर पाण्याचे तीन घोट. पाचव्या चमच्याला ती थांबली. वडील म्हणाले, "खा की, काय हुतंय," आजी डोळे पुसू लागल्या, आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. तिघांचेही प्रेम खरे होते आणि तिघांचीही कृती तिला थांबायला मदत करत होती. आईला मी तिच्या अगदी शेजारी बसवले आणि एकच वाक्य शांतपणे म्हणायला सांगितले : "अजून एक चमचा, मी इथेच आहे." समजूत नाही, लालूच नाही, धमकी नाही. चाळीस मिनिटांत वाटी संपली.

इथे माझी चूक झाली. वाटी संपल्याच्या समाधानात मी त्याच बैठकीत नखाएवढा भाकरीचा तुकडा देऊन पाहिला. तो तिने रडत गिळला आणि मी ते यश समजलो. घरी गेल्यावर तिने बिस्कीट घातलेले दूधही नाकारले, कारण आता कुठल्याही भांड्यात काहीतरी लपवलेले असेल असे तिला वाटू लागले. पुढच्या भेटीत वजन २६.८ होते. ज्या मुलाचे शरीर उपाशी आहे त्याला भीतीचा सामना करायला लावू नये. उपाशीपणा स्वतःच चिंता वाढवतो. आधी तिला चालणाऱ्या पदार्थांतूनच वजन भरायचे आणि मग नवे पदार्थ, हा क्रम मला माहीत होता आणि मी तो मोडला. मी तिला तसे सांगितले, आणि तिला न सांगता कशातही काही मिसळायचे नाही हा नियम घरासाठी आणि माझ्यासाठी ठरवला.

पुढचे सहा आठवडे केवळ वजनाचे होते. दिवसातून सहा वेळा खाणे, ठरल्या वेळी, प्रत्येक वेळी चाळीस मिनिटांची मर्यादा. सुरुवातीला तिचे खाणे ९०० कॅलरींच्या आसपास होते. दर दोन-तीन दिवसांनी सुमारे २०० कॅलरींनी वाढवत ते २२०० पर्यंत नेले. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अन्न वाढताच रक्तातले फॉस्फेट घसरू शकते, म्हणून तिसऱ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासले आणि थायमिन दिले. वाढ कशातून आली हे काकूंनी ठरवले. पेजेच्या प्रत्येक वाटीत एक मोठा चमचा तूप, म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. म्हशीच्या दुधातली नाचणीची आंबील, गाळून. शेंगदाणे भाजून मिक्सरमध्ये लोण्यासारखे वाटलेले, सईच्या डोळ्यांदेखत दुधात घातलेले. शाळेत क्षीरभाग्य योजनेतले दूध ती घेत असे, त्यामुळे सकाळच्या खाण्याची एक वेळ तिथेच बसवली. वर्गशिक्षिका कन्नड बोलणाऱ्या होत्या, म्हणून सूचनांचा अर्ध्या पानाचा कागद कन्नडमध्ये लिहून दिला : तिला सर्वांसमोर 'खा' म्हणू नये, वेळ द्यावा, पेला रिकामा झाला की वहीत खूण करावी.

वजन दर आठवड्याला गावाजवळच्या आरोग्य केंद्रात व्हायचे, कारण दर आठवड्याला बेळगावला येणे म्हणजे वडिलांचा एक रोज बुडणे. तिथला काटा आमच्या काट्यापेक्षा ६०० ग्रॅम जास्त दाखवतो हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आले. त्यानंतर सगळ्या नोंदी त्याच काट्यावर, सकाळी, लघवी करून, एकाच फ्रॉकमध्ये घेतल्या आणि तुलनेसाठी त्यातून ६०० ग्रॅम वजा केले. आठवड्याला अर्धा किलो ही अपेक्षा होती. चौथ्या आठवड्यात २७.६, आठव्यात २९.९. वाढता आकडा पाहून सई हसत होती, आणि माझ्या दृष्टीने निदानाला मिळालेला तो सर्वांत बळकट आधार होता.

नवव्या आठवड्यापासून पायऱ्या सुरू झाल्या. सईने स्वतः पदार्थांच्या चिठ्ठ्या लिहिल्या आणि भीतीप्रमाणे ० ते १० आकडे घालून जमिनीवर रांगेत मांडल्या. कुस्करलेला मऊ भात ३, वरणात भिजवलेली भाकरी ५, कोरडी चपाती ७, चिकन ९, आणि रांगेच्या पलीकडे, दाराजवळ, बरका फणस. घासाआधी काय होईल याचा अंदाज ती सांगायची, घासानंतर काय झाले ते वहीत लिहायची. 'अडकेल' या खान्यात सलग अकरा वेळा 'अडकला नाही' असे लिहिले गेले. पण घास अडकला नाही याचे श्रेय ती पाण्याला देत होती. म्हणून खरा उपचार पाणी कमी करण्याचा होता : तीन घोटांचा एक, मग दोन घासांनी एक, मग जेवणानंतरच. चावणेही तसेच. ती एकेक घास पन्नासेक वेळा चावत होती. ते पंधरा-वीसवर आणले. ही टेकू देणारी वागणी शिल्लक ठेवून पदार्थ वाढवत गेले की प्रगती होते असे वाटते, आणि पहिल्या सर्दीत, घसा सुजला की, सगळे परत मागे जाते.

दिवाळीत तिने चकली तोडली आणि थांबली. कडक, टोकदार तुकड्याचा आकडा तिने यादीत घातलाच नव्हता. त्याच दिवसांत भावाने 'गोबरे गाल' म्हणून चिडवले आणि तिने मला विचारले, "मी जाडी झाले का?" हा प्रश्न मी सोडून दिला नाही. दोन आठवडे आईने तिच्या खाण्याची यादी पुन्हा लिहिली. तूप आणि दूध कमी झाले नव्हते, लाडू ती मागून घेत होती, प्रश्न पुन्हा आला नाही. यादीतून तूप आधी गळले असते, तर उपचाराची दिशा बदलावी लागली असती.

चौदाव्या आठवड्यात वजन ३२.३ आणि विसाव्यात, संक्रांतीच्या सुमारास, ३४.२ झाले. उंची तोवर १४२.५ झाली होती. जुना ३३ चा आकडा हे लक्ष्य नव्हते, कारण वाढत्या मुलाचे लक्ष्य त्याच्याबरोबर पुढे सरकते. तिच्या स्वतःच्या जुन्या वाढीच्या रेषेवर ती परत आली, हे महत्त्वाचे होते. फेरिटिन आणि बी-१२ पूरक औषधांनी सुधारले. घन अन्न अडकल्याची तक्रार उरली नाही, म्हणून एंडोस्कोपी केली नाही. डब्यात काय न्यायचे हे ती ठरवू लागली, आणि आईने शेजारी बसणे आधी दुपारचे, मग रात्रीचे सोडले. खो-खोच्या संघात तिला जानेवारीत घेतले.

मे महिन्यात पुन्हा आजोळी फणस फोडला. काप्याचा गरा तिने आठळी काढून, दोन तुकडे करून खाल्ला. बरक्याला हात लावला नाही. वडिलांनी तो खायला लावू का, असे फोनवर विचारले आणि मी नको म्हणालो : बरका फणस न खाल्ल्याने कोणती उणीव होत नाही, पंगतीतून उठावे लागत नाही, आणि नावड ही आजार नव्हे. तिची पाळी अजून सुरू झालेली नाही. ती सुरू होऊन वर्ष होईपर्यंत दर तीन महिन्यांनी उंची-वजन आणि तीन दिवसांची यादी पाहायची, आणि पाच किलोचा तो प्रश्न दर वेळी एकट्याने पुन्हा विचारायचा, असे ठरले आहे. पुढची तारीख ऑगस्टची आहे.